मजकुरासाठी फ्रेममध्ये जागा राखताना

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथल्या एका कारागिरावर तीन मिनिटांचा माहितीपट करायचा आहे, असे आपण धरून चालू. तांब्याच्या पत्र्यातून हंडे, घंगाळी, बंब घडवायचे आणि वरून हातोडीचे एकसारखे ठोके देत भांड्यावर चमकत्या खुणांची नक्षी उठवायची, म्हणजेच मठारकाम करायचे, ही या आळीची ओळख. मोबाइल असो की कॅमेरा, पुढची कृती सारखीच लागू पडते.

उदाहरण म्हणून हे ठिकाण निवडण्याला कारण आहे. कारखान्याची खोली अरुंद, उजेड फक्त दारातून येणारा, भिंतीवर भांडीच भांडी आणि त्यांच्यामध्ये एखादे कॅलेंडर. शिवाय ठोक्यांचा आवाज एवढा की कारागिराचे अर्धे बोलणे त्यात बुडते. म्हणजे इथे सबटायटल लागणारच, आणि अक्षरे ठेवायला निवांत जागा मात्र कुठेच दिसत नाही. इथे जमले तर एखाद्या अंगणात किंवा शाळेच्या वर्गात सहज जमेल.

पहिले काम कॅमेरा हातात घेण्याआधीचे आहे. पडद्यावर जो जो मजकूर येणार तो सगळा कागदावर लिहून काढावा. आपल्या माहितीपटात सुरुवातीचे शीर्षक असेल, कारागिराची नावपट्टी असेल, ‘मठार’ या शब्दाचा अर्थ सांगणारी एक ओळ असेल, सबटायटल असतील आणि शेवटी श्रेयनामावली. श्रेयनामावली काळ्या पडद्यावर जाईल, तिची काळजी नको. बाकीच्या प्रत्येक मजकुरापुढे तो कोणत्या शॉटवर येणार आणि किती ओळींचा आहे, एवढे लिहावे.

ही यादी करताना सगळ्यात सोपी गोष्ट बहुतेकांच्या हातून सुटते. नावपट्टी एकाच शॉटवर येते, शीर्षकही एकाच शॉटवर. पण सबटायटल सगळीकडे असतात. कारागीर बोलत असतो आणि पडद्यावर त्याचे हात दिसत असतात, तेव्हाही त्याच्या बोलण्याच्या ओळी त्या हातांवरून जात असतात. त्यामुळे जागा फक्त मुलाखतीच्या शॉटमध्ये राखून भागत नाही. हातोडी, भट्टी, पाण्यात बुडवलेला पत्रा, असा ज्या ज्या शॉटखाली आवाज चालू राहणार, त्या प्रत्येकात ती लागते.

आता या जागेचे माप काढू. नेहमीचा आडवा व्हिडिओ 1920 पिक्सेल रुंद आणि 1080 पिक्सेल उंच असतो. पिक्सेल म्हणजे चित्र ज्या बारीक ठिपक्यांनी बनते तो एक ठिपका. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीखाली झाकल्या जात, म्हणून मजकूर प्रत्येक कडेपासून 10 टक्के आत ठेवायची पद्धत होती. आताच्या पडद्यांसाठी 5 टक्के पुरतात. म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला 96 आणि वर-खाली 54 पिक्सेल एवढी किनार मोकळी सोडायची. तिला सुरक्षित समास म्हणू. एडिटिंगच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये हा समास रेघांनी दाखवण्याची सोय असते.

समासाच्या आत सबटायटलच्या दोन ओळी बसवायच्या आहेत. इथे देवनागरीचा हिशेब रोमन अक्षरांपेक्षा वेगळा पडतो. ‘कर्तृत्व’ हा शब्द पाहा. रफार शिरोरेघेच्या वर जातो आणि ऋकार अक्षराच्या खाली लोंबतो. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांत अडकू नयेत म्हणून ओळींमध्ये भरपूर अंतर लागते. 54 पिक्सेलचा टाइप घेतला तर प्रत्येक ओळीसाठी साधारण 80 पिक्सेल धरावेत. दोन ओळींचे 160 झाले, त्यात खालच्या समासाचे 54 मिळवले की 214. फ्रेमच्या उंचीचा पाचवा हिस्सा 216 भरतो. म्हणून डोक्यात एकच गोष्ट ठेवावी, की तळचा पाचवा हिस्सा सबटायटलचा.

बऱ्याच मोबाइलवर फ्रेमचे नऊ समान भाग करणाऱ्या रेघा दिसतात. त्यातली खालची आडवी रेघ तळापासून एक तृतीयांशावर असते. आपला पाचवा हिस्सा तिच्याहून थोडा खाली, म्हणजे रेघ ते तळ या अंतरात तळापासून तीन पंचमांश उंचीवर येतो. अंदाज चुकत असेल तर मोबाइलच्या काचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावून तिच्यावर बारीक पेनाने ही सीमा आखून घ्यावी. पट्टी लावताना पडद्यावर चित्र कुठून कुठपर्यंत दिसते ते पाहावे. बऱ्याच फोनमध्ये चित्राच्या बाजूला बटणांची काळी पट्टी असते आणि माप घेताना तीही मोजली जाते.

आता कारखान्यात जाऊ. पहिली खरी अडचण येते ती हातांची. कारागीर बैठक मारून बसलेला असतो, भांडे ऐरणीवर असते आणि ऐरण गुडघ्यांजवळ. आपण उभे राहून सवयीप्रमाणे त्याचा चेहरा वरच्या रेघेवर घेतो. चेहरा छान येतो, पण हातोडी जिथे पडते ती जागा फ्रेमच्या अगदी तळाला जाते. नंतर सबटायटल चढवले की नेमका ठोका अक्षरांखाली झाकला जातो. ज्या कामासाठी माहितीपट केला, तेच दिसत नाही.

यावर उपाय कॅमेरा वर उचलण्याचा नाही, त्याचे तोंड खाली झुकवण्याचा आहे. कॅमेरा खाली पाहू लागला की फ्रेममधल्या वस्तू वर सरकतात. ठोका पडण्याची जागा फ्रेमच्या बरोबर मध्यावर आणावी. मग तळच्या पाचव्या हिश्शात फरशी, कारागिराची मांडी किंवा ऐरणीचा खालचा लाकडी ठोकळा येतो. तो पुसट, गडद आणि स्थिर असतो, तिथे अक्षरे खुशाल बसतात. असे करताना डोके फ्रेमबाहेर गेले तर जाऊ द्यावे. हातांच्या शॉटमध्ये चेहरा नसला तरी चालतो. चेहरा आणि हात दोन्ही हवे असतील तर दोन पावले मागे सरकून फ्रेम मोठी करावी.

फरशी गडद असेलच असे नाही. तांब्याचे कापलेले तुकडे पडलेले असतात, एखादी पाण्याची बादली असते, कधी वर्तमानपत्र पसरलेले असते. वर्तमानपत्र आवर्जून उचलावे. अक्षरांखाली अक्षरे आली की वाचणाऱ्याची नजर दोन्हीकडे ओढली जाते. दुकानाची पाटी, कॅलेंडर, खोक्यावरचे छापील नाव यांनाही हेच लागू. मात्र कारागिराच्या कामाच्या वस्तू हलवण्याआधी त्यांना विचारावे. ज्या वस्तू आपल्याला पसारा वाटतात त्या त्यांच्या हाताच्या अंदाजाने ठेवलेल्या असू शकतात.

इथे ‘स्वच्छ जागा’ म्हणजे नेमके काय, हे सांगायला हवे. ती रिकामीच असली पाहिजे असे नाही. तिथे भिंत चालेल, अंधार चालेल, पुसट झालेली भांडीही चालतील. तीन गोष्टी मात्र लागतात. त्या जागेचा उजेड सगळीकडे सारखा हवा, तिथे बारीक तपशील नको, आणि तिथे काही हलता कामा नये. पांढरी अक्षरे घेणार असाल तर जागा गडद हवी, एवढे त्यात जोडावे.

तांबट आळीत यातली पहिली अटच मोडते. मठारलेल्या भांड्यावर शेकडो छोटे खळगे असतात आणि प्रत्येकात दाराच्या उजेडाचा एक पांढरा ठिपका चमकतो. त्या ठिपक्यांवर पांढरे अक्षर आले की अनुस्वार कोणता आणि चमक कोणती, ते कळत नाही. ‘भांडे’ वाचायचे की ‘भाडे’, असा प्रश्न पडतो. डोळ्यांना हे जागेवर जाणवत नाही, कारण आपण भांडे भांडे म्हणूनच पाहतो. म्हणून तिथल्या तिथे एक फोटो काढावा, तो फोनमध्येच कृष्णधवल करावा आणि हाताच्या अंतरावर धरून डोळे किलकिले करून पाहावे. मजकुराच्या जागी एकसंध करडा किंवा काळा पट्टा दिसला तर जागा ठीक. पांढरे शितोडे दिसले तर नाही.

आणखी खात्री हवी असेल तर त्याच फोटोवर फोनच्या खुणा करायच्या सोयीने प्रत्यक्ष मजकूर टाइप करून पाहावा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे आणि यासारखी दुसरी परीक्षा नाही. मजकूर टाइप करताना ‘नाव इथे’ असे लिहू नये. यादीतला खरा, सगळ्यात लांब मजकूर घ्यावा.

आता मुलाखतीचा शॉट. कारागीर कॅमेऱ्याकडे न पाहता बाजूला बसलेल्या प्रश्नकर्त्याकडे पाहून बोलणार आहेत. तो डावीकडे बसला असेल तर कारागिरांना फ्रेमच्या उजव्या बाजूला घ्यावे, म्हणजे नजरेसमोर मोकळी जागा राहते. नावपट्टी याच मोकळ्या जागेत बसवायची. पाठीमागे, उजव्या चिंचोळ्या पट्टीत ती बसवायला गेलो तर नाव खांद्यावर चढते.

किती जागा लागेल ते मोजू. नाव मोठ्या टाइपात आणि खाली ‘तांबट कारागीर, कसबा पेठ’ ही ओळ लहान टाइपात घेतली तर साधारण 600 पिक्सेल रुंदी लागेल. डावा समास 96 पिक्सेलचा. म्हणजे डाव्या कडेपासून 700 पिक्सेलपर्यंत काही येता कामा नये. चेहरा उजव्या उभ्या रेघेवर, म्हणजे 1280 पिक्सेलवर ठेवला आणि खांद्यापासून खांद्यापर्यंत 700 पिक्सेल धरले, तर डावीकडचा खांदा 930 च्या आसपास येतो. नाव आणि खांदा यांच्यामध्ये 200 पिक्सेलहून जास्त अंतर उरते. एवढे हवेच, कारण माणूस बोलताना हलतो आणि तांबटाचा हात तर बोलताबोलता हवेतच भांडे घडवून दाखवतो. हात पूर्ण पसरून दाखवायला एकदा आधी सांगावे आणि तेव्हा फ्रेम पाहून घ्यावी.

नावपट्टीची उंची ठरवताना एक टक्कर टाळायची असते. नाव येते त्याच वेळी कारागीर बोलत असतात, म्हणजे सबटायटलही पडद्यावर असतात. दोन्ही तळाला ठेवले तर एकमेकांवर चढतील. म्हणून तळचा पाचवा हिस्सा सबटायटलला सोडून नावपट्टी त्याच्या वरच्या पाचव्या हिश्शात, साधारण छातीच्या उंचीवर घ्यावी. याचा अर्थ डावीकडची मोकळी जागा त्या उंचीपर्यंत स्वच्छ हवी. टांगलेली भांडी त्याच्या वर असतील तर राहू द्यावीत. त्यांनीच तर जागेची ओळख पटते.

ती जागा गडद आणि पुसट कशी करायची? खोली मोठी असती तर कारागिरांना भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे बसवले असते. मागची भिंत लांब गेली की ती पुसट होते आणि तिच्यावर उजेडही कमी पडतो. अरुंद खोलीत ते जमत नाही. मग कोन बदलावा. भिंतीसमोर बसवण्याऐवजी कारागिरांना दाराजवळ आणून कॅमेरा असा लावावा, की त्यांच्या मागे खोलीची लांबी येईल. दाराचा उजेड चेहऱ्यावर पडतो आणि मागे आत जाणारा अंधार राहतो. उजेड स्रोतापासून लांब जाताना झपाट्याने कमी होतो, त्याचा इथे फायदा घ्यायचा. चेहऱ्यापेक्षा मागचा भाग दोन स्टॉपने गडद आला तर पांढरी अक्षरे उठून दिसतात. एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड, दोन म्हणजे पाव. उलट, दार कारागिरांच्या पाठीशी घेऊ नये. आळीचे ऊन मागून भगभगते, चेहरा काळवंडतो आणि अक्षरांमागे येणारे-जाणारे लोक चालत राहतात.

फ्रेम ठरली की फोनचा फोकस आणि उजेड बांधून टाकावा. आयफोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरले की AE/AF LOCK असे दिसते. अँड्रॉइड फोनमध्येही बहुधा अशीच सोय असते. हे न केल्यास कारागिराने चकचकीत पत्रा उचलला की फोन सगळे चित्र एकदम गडद करतो आणि पत्रा खाली ठेवला की पुन्हा उजळतो. अक्षरे जिथल्या तिथे असतात, पण त्यांच्यामागची जागा श्वास घेतल्यासारखी कमीजास्त होत राहते.

शीर्षकाच्या शॉटला वेगळा वेळ द्यावा. समजा आपण अर्धवट मठारलेला हंडा उजवीकडे आणि डावीकडे काळोखी कोनाडा असा शॉट घेतला. शीर्षक कोनाड्यावर येणार. कॅमेरा ट्रायपॉडवर हवा, तो नसेल तर पाटावर किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकवावा. आळीतून सुरू होऊन हंड्यावर येणारा फिरता शॉट मोह पाडतो. पण त्यात मोकळी जागा क्षणभर येते आणि सरकून जाते. फिरता शॉट घ्यायचाच असेल तर हंड्यावर आल्यावर कॅमेरा थांबवावा आणि तिथून मोजायला सुरुवात करावी.

किती मोजायचे? शीर्षक मोठ्याने, सावकाश दोनदा वाचावे. जितका वेळ लागेल तितका वेळ ते पडद्यावर राहायला हवे. दोन ओळींच्या शीर्षकाला सहा-सात सेकंद सहज जातात. त्याआधी प्रेक्षकाला चित्र ओळखू येण्यासाठी दोन-तीन सेकंद आणि शीर्षक गेल्यावर दोन सेकंद. शिवाय शॉट दुसऱ्यात मिसळायचा असेल तर दोन्ही टोकांना थोडी शिल्लक लागते. म्हणून न हलवता पंधरा ते वीस सेकंद घ्यावेत. हातोडी थांबली म्हणून रेकॉर्डिंग लगेच थांबवू नये. ठोका संपल्यावरचे शांत दहा सेकंद एडिटिंगमध्ये फार कामी येतात.

‘मठार’चा अर्थ सांगणारी ओळ हातांच्या शॉटवर येणार. तिच्यासाठी तोच शॉट दोनदा घ्यावा, एक सबटायटलपुरता आणि दुसरा थोडा रुंद, वरच्या बाजूला अंधार ठेवून. अर्थाची ओळ वर आणि सबटायटल खाली राहिले की गोंधळ होत नाही.

आता उभ्या व्हिडिओचा प्रश्न. हाच माहितीपट मोबाइलवर उभा पाहण्यासाठीही हवा, अशी मागणी जवळपास नेहमी येते, आणि ती बहुधा चित्रीकरण झाल्यावर येते. 1080 उंचीच्या आडव्या फ्रेममधून उभा तुकडा कापला तर त्याची रुंदी जेमतेम 607 पिक्सेल भरते, म्हणजे मूळ रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. नावासाठी डावीकडे राखलेली सगळी जागा कापली जाते. चेहरा फ्रेमभर येतो आणि नाव ठेवायला कपाळ किंवा छाती एवढेच उरते. 4के, म्हणजे दुप्पट उंची-रुंदीचे चित्रीकरण केले तर कापलेला तुकडा सुस्पष्ट राहतो, पण रचनेची अडचण सुटत नाही.

म्हणून मुलाखतीची पहिली काही मिनिटे आणि शीर्षकाचा शॉट फोन उभा धरून वेगळे घ्यावेत. उभ्या फ्रेममध्ये जागा बाजूला मिळत नाही, ती डोक्यावर आणि छातीखाली मिळते. त्यातही अगदी तळाला आणि उजव्या कडेला अॅपची बटणे आणि वर्णनाचा मजकूर येतो, तेव्हा तो भाग आपला नाही असेच समजावे. सबटायटल छातीच्या उंचीवर, नाव डोक्यावरच्या अंधारात, आणि दोन्ही थोडे डावीकडे झुकलेले.

एवढे करूनही एखादा शॉट असा निघतो, की तो हवाच आहे आणि जागा मात्र नाही. एडिटिंगमध्ये त्यावर इलाज आहेत. 4के चित्रीकरण असेल आणि व्हिडिओ 1080 चा करायचा असेल तर चित्र मोठे करून वर सरकवता येते, हातोडी सबटायटलच्या वर आणता येते. तळाकडून वर विरत जाणारी काळी छटा टाकता येते. ती तळाशी गडद आणि तिसऱ्या हिश्शापर्यंत नाहीशी होणारी असावी, म्हणजे पट्टी चिकटवल्यासारखी दिसत नाही. अक्षरांमागे अर्धपारदर्शक काळी पट्टीही चालते. चमकत्या भांड्यांवर हाच इलाज सगळ्यात खात्रीचा, दिसायला साधा असला तरी.

अक्षरांना जाड काळी किनार देणे मात्र टाळावे. देवनागरीत ‘क’, ‘ष’, ‘क्ष’ यांची पोटे लहान असतात, जाड किनारीने ती बुजतात आणि जोडाक्षरे एक डाग होऊन बसतात. त्याऐवजी पसरट, मऊ सावली द्यावी.

जागा दुसऱ्या बाजूला हवी म्हणून चित्र आरशासारखे उलटवणेही सोपे असते, एका बटणाचे काम. पण मग तांबटाची हातोडी डाव्या हातात जाते, सदऱ्याची बटणपट्टी उलटते आणि मागच्या पाटीवरची अक्षरे उलटी दिसतात. आळीतल्या माणसाला ते पहिल्याच ठोक्याला कळते. त्यापेक्षा त्या शॉटवरचे वाक्य शेजारच्या शॉटवर सरकवावे. दोन सेकंदांनी उशिरा आलेल्या नावाने कुणाचे अडत नाही.